ज्वारीचं पान हिरवं का राहिलं? पीएचडीचा प्रश्न घरच्यांना सांगताना

पीएचडीला नाव नोंदवलेल्या मुलीला घरी कोणी विचारलं की "तू नेमकं शोधतेस काय?", तर ती बहुतेक वेळा प्रबंधाचं शीर्षक सांगते. शीर्षकावरून विषय कळतो, पण प्रश्न कळत नाही. आई-वडिलांची काळजी तशीच राहते. चार-पाच वर्षं कशात जाणार, हे त्यांना दिसत नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी हा प्रश्न घरापुरता राहत नाही. शिवारफेरीला आलेले शेतकरी आणि सहलीला आलेली शाळेची मुलं संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला तेच विचारतात. म्हणून माझा आग्रह असतो, की विषय नोंदवण्याआधीच या पाहुण्यांसाठी आपल्या कामाची दहा ओळींची ओळख लिहून काढावी. त्या ओळी जमत नसतील तर प्रश्न अजून पक्का झालेला नाही असं समजावं आणि गाइडबरोबर पुन्हा बसावं.

एक उदाहरण नीट पाहू. समजा, विषय आहे 'घटत्या ओलाव्यात रब्बी ज्वारीच्या वाणांमधील स्टे-ग्रीन गुणधर्माचा अभ्यास'. नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, कर्जत-जामखेडकडे, रब्बी ज्वारी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान पेरतात. पुढे पाऊस जवळजवळ नसतोच. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर सगळं पीक निघतं आणि दाणा भरायला लागतो तेव्हा ती ओल तळाला गेलेली असते. पानं वाळतात. मग ताट स्वतःच्या साठ्यातली साखर कणसाकडे पाठवतं आणि कमकुवत होतं. त्यातच खडखड्याची बुरशी शिरली की ताटं आडवी होतात. असं ताट चिरलं तर आतला गर विरून नुसते धागे उरलेले आणि त्यांवर बारीक काळे ठिपके दिसतात.

काही वाणांची पानं मात्र अशा वेळीही हिरवी राहतात. या गुणाचा जगभर अभ्यास झालेला एक स्रोत म्हणजे बी-३५. इथिओपियातल्या स्थानिक ज्वारीपासून तो अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये तयार झाला. आता आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न असा की हिरव्या राहिलेल्या झाडाला पाणी मिळालं कुठून? एक शक्यता अशी, की सुरुवातीला त्याचा पानोरा लहान होता, म्हणून त्यानं पाणी कमी वापरलं आणि ओल मागे राहिली. दुसरी शक्यता अशी, की त्याची मुळं जास्त खोल गेली. दोन्ही अंदाज जमिनीतल्या ओलीवरून तपासता येतात. पहिला खरा असेल तर फुलोऱ्याच्या वेळी त्या वाणाखालची माती शेजारच्या वाणापेक्षा ओलसर सापडेल. दुसरा खरा असेल तर वरचे थर सारखेच असतील, पण फुलोऱ्यानंतर अगदी खालचा थर जास्त कोरडा झालेला दिसेल.

यातूनच शेतही ठरतं. खोल मुळांचा प्रश्न हलक्या जमिनीत विचारताच येत नाही, कारण फूटभर खाली मुरूम लागतो. भारी जमीनच हवी. दहा वाण घेतले आणि प्रत्येक वाण तीनदा, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी लावला, तर तीस वाफे होतात. प्रत्येक वाफ्यातून ९० सेंटिमीटर खोलीपर्यंत दर १५ सेंटिमीटरच्या थराची माती काढायची, म्हणजे एका फेरीत १८० नमुने. ते ओले असताना तोलायचे, ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवायचे आणि पुन्हा तोलायचे. १२० ग्रॅम माती वाळून १०० ग्रॅम भरली, तर ओल २० टक्के. पोरगी डिसेंबरात घरी का येत नाही, याचं उत्तर बऱ्याच अंशी या १८० डब्यांत आहे.

हे काम फसतं ते बहुधा हिरवं पान पाहून हुरळल्यामुळे. एखादं झाड हिरवं दिसतं, कारण ते मुळात उशिरा फुलोऱ्यात आलेलं असतं. म्हणून प्रत्येक वाणाची फुलोऱ्याची तारीख लिहून ठेवायची आणि तिथून सारखे दिवस मोजून तुलना करायची. दुसरं झाड हिरवं राहतं, कारण त्याच्या कणसात दाणेच कमी भरले आणि पानांवर ताण पडलाच नाही. हे ओळखायचं तर दाण्यांची संख्या आणि वजन हाताशी हवं. या दोन्ही नोंदी नसतील तर परीक्षक तोंडी परीक्षेत पहिल्या पाच मिनिटांत तिथेच बोट ठेवतो.

आता ती ओळख लिहू. 'आमच्याकडे रब्बी ज्वारी पावसाळ्यानंतर जमिनीतल्या ओलीवर वाढते. दाणा भरताना ही ओल संपत येते, तरी काही वाणांची पानं हिरवी राहतात. त्यांनी आधी पाणी वाचवलेलं असतं की त्यांची मुळं खोलवरचं पाणी ओढतात, हे मी शोधते आहे. त्यासाठी मी हे वाण भारी जमिनीत मालदांडीशेजारी लावते, वेगवेगळ्या खोलीवरची ओल मोजते आणि काढणीला दाण्याचं व कडब्याचं वजन घेते. सगळ्या वाणांखालची ओल सारखीच उतरली, तर माझे दोन्ही अंदाज चुकले. हलक्या जमिनीबद्दल या कामातून काही सांगता येणार नाही.'

यातली शेवटची दोन वाक्यं मला सगळ्यांत मोलाची वाटतात आणि विद्यार्थी नेमकी तीच गाळतात. त्यांच्या जागी 'दुष्काळावर उपाय' असं काही येतं. पण विद्यापीठ स्वतःच जमिनीच्या खोलीनुसार वेगळे वाण सुचवतं: हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा, भारीसाठी फुले वसुधा. शेतकऱ्याला हे माहीत असतं. भारी रानातला निष्कर्ष सगळीकडे लागू आहे असं सांगितलं, तर तो ऐकून घेईल आणि निघून जाईल. कडब्याचं वजनही अशाच पाहुण्यासाठी आहे. जनावरं असलेल्या घरात ज्वारीचा वाण दाण्याइतकाच कडब्यावर निवडला जातो.

आपलं काम थोडक्यात सांगण्याचं हे कौशल्य बाहेरही तोललं जातं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठानं २००८ मध्ये तीन मिनिटांत, एकाच स्लाइडवर प्रबंध सांगण्याची स्पर्धा सुरू केली आणि ती अनेक देशांत पोचली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं २०१८ मध्ये 'अवसर' ही योजना आणली. तिच्यात पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या संशोधनावर सामान्य वाचकासाठी लेख लिहायचा होता.

पालकांनी ही ओळख वाचून हंगामांबद्दल जरूर विचारावं. रब्बीचा प्रयोग वर्षातून एकदाच होतो. पेरणी हुकली की पूर्ण वर्ष गेलं. एका हंगामावर कोणी विश्वास ठेवत नाही, किमान दोन लागतात, आणि दाणा भरताना अवकाळी पाऊस झाला तर त्या वर्षी ओल संपण्याची परीक्षाच होत नाही. तीन वर्षांचं काम पाचवर जातं ते बऱ्याचदा अशामुळे. यूजीसीची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ झाल्यावर ४२,०००. पण ती सगळ्यांना मिळत नाही आणि तिची मुदतही ठरलेली असते. म्हणून प्रवेश घेतानाच गाइडला विचारावं: अवकाळी पाऊस आला तर वाफे झाकायची सोय आहे का, नसेल तर त्याच वर्षी दुसऱ्या एखाद्या ठिकाणी हाच प्रयोग लावता येईल का, आणि तिथली १८० डब्यांची माती कोण काढणार?