मटारची शेंग

अगं मनू, तुझं कच्चं लिखाण वाचलं. गोष्ट गर्दीच्या गाडीत भेटलेल्या अनपेक्षित मैत्रिणीची, पण गाडी येईपर्यंत पान संपलं की! सकाळी उठणं, दात घासणं, आईने दिलेला उपमा, सगळं काढून टाक. पहिल्याच वाक्यात मुलगी डब्यात हवी, तीही घुसमटलेली.

आता ऐक. ठाण्याहून स्लो लोकल पकडली की मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी आणि मग घाटकोपर. हेच तुझं घड्याळ. ठाण्याला आई आणि मुलगी लेडीज डब्यात चढतात, रेटारेटीत आई दाराशीच अडकते, मुलगी आत ढकलली जाते. मुलुंडला तिला आईचा फक्त दांडी धरलेला हात दिसतो. नाहूरला तोही दिसेनासा होतो.

मैत्रीण कोण? तू लिहिलंयस, 'एक प्रेमळ काकू हसल्या.' मग त्यात अनपेक्षित काय गं? आधी तिला खेकसू दे. चौथ्या सीटवर, म्हणजे जेमतेम टेकून, एक बाई मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत बसलीये. मुलीचं दप्तर तिच्या तोंडावर आपटतं.

"बॅग पुढे घे! पहिल्यांदाच चढलीस का गाडीत?"

मुलीला रडू येतं. बाई तिच्याकडे बघते, काहीच बोलत नाही, मूठभर शेंगा तिच्या हातात कोंबते. "सोल. कुठे उतरायचंय?"

इथे रमायचं बरं का. शेंग कुठून दाबायची ते मुलीला जमत नाही, दाणा उडून खाली पडतो, बाई पुटपुटते. भांडुपपर्यंत जमायला लागतं. कांजूरमार्गला बाई एक दाणा स्वतःच्या तोंडात टाकते, एक तिला देते. 'आमची घट्ट मैत्री झाली' हे वाक्य मात्र लिहायचं नाही. तो दाणा पुरे आहे.

तू शेवटी चोर पकडलायस आणि मग ते सगळं स्वप्न निघालंय. मी पण सातवीत असंच केलं होतं, शाळेतल्या बाईंनी लाल शाईने फक्त 'पुन्हा?' लिहिलं होतं. तुझ्या गोष्टीत चोर नको. विक्रोळी सुटली की बाई उठते, फलाट कुठल्या बाजूला येतो ते सांगते आणि कोपराने वाट काढत मुलीला दारापर्यंत, आईपर्यंत पोचवते. घाटकोपरला मायलेकी उतरतात. गाडी सुटते. बाईचं नाव विचारायचं राहिलेलं असतं आणि मुलीच्या मुठीत एक न सोललेली शेंग असते. तिथेच पूर्णविराम.

शीर्षक 'अनपेक्षित मैत्रीण' देऊ नकोस, सगळं आधीच फुटतं. तात्पर्य मागितलं असेल तर खाली वेगळ्या ओळीत लिही, बाईच्या तोंडी घालू नकोस.

रात्री मला मोठ्याने वाचून दाखव. एका पानात घाटकोपर आलं पाहिजे!