परदेशातून येणारा पैसा : खरा खर्च कसा ओळखावा?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील एखाद्या कुटुंबाचा मुलगा सौदी अरेबियात नोकरीस असतो आणि घरखर्चासाठी पैसे पाठवितो. ‘शुल्क नाही’ ही जाहिरात वाचून तो कंपनी निवडतो. परंतु खर्चाचा दुसरा भाग विनिमय दरात दडलेला असतो. बाजारातील दर आणि कंपनी देत असलेला दर यांतील तफावत म्हणजेच तो भाग होय.

समजा, बाजारात रियालचा दर 22.50 रुपये आहे. पहिली कंपनी शुल्क घेत नाही, पण 22.10 रुपये दर देते. दुसरी 15 रियाल शुल्क कापून 22.40 रुपये दर देते. मुलाने 2,000 रियाल दिल्यास पहिलीकडून घरी 44,200 रुपये पोहोचतील, तर दुसरीकडून 44,464. मात्र रक्कम 300 रियालच असेल, तर पहिलीकडून 6,630 व दुसरीकडून 6,384 रुपये मिळतील. या दरांनुसार 1,120 रियालांना दोन्ही सारख्याच ठरतात. म्हणून शुल्क व दर वेगवेगळे न पाहता, ‘इतके रियाल दिल्यास घरी किती रुपये मिळतील?’ एवढेच त्याच दिवशी दोन्हीकडे विचारावे.

पैसे घेण्याचा मार्गही महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम’नुसार 50,000 रुपयांपर्यंतची रक्कम ओळखपत्र व संदर्भ क्रमांक दाखवून रोख घेता येते; त्याहून अधिक रक्कम खात्यात वा धनादेशाने मिळते. या योजनेत एका वेळी 2,500 डॉलर व एका व्यक्तीस वर्षाला 30 वेळा, अशी मर्यादा आहे. संदर्भ क्रमांक पैसे हाती येईपर्यंत कोणासही सांगू नये.