कापड आटलं, ऑर्डर लांबली: दुकानदाराला पत्र असं लिहा

समजा, तुमच्याकडे शाळेच्या ६०० सुती हाफ शर्टांची ऑर्डर आहे. माल ३ जूनला द्यायचा ठरलाय. आज १२ मे आणि कटिंगच्या आधीच धुऊन पाहिलेलं कापड आटलेलं निघालं. कागद-पेन आणि मोजपट्टी घेऊन बसा, मी सांगतो तसं करत चला.

१. सर्वांत आधी दुकानदाराला फोन करा. "माल थोडा लांबतोय, आजच पत्र पाठवतो," एवढंच बोला. नवी तारीख फोनवर तोंडून जाऊ देऊ नका, अजून हिशेब व्हायचाय.

२. प्रत्येक ताक्यातून ५० सेंटिमीटरचा चौकोन ऐसपैस बसेल एवढा तुकडा कापा. एकाच ताक्यावर विसंबू नका, लॉट बदलला की आटणंही बदलतं.

३. तुकड्यावर न पुसणाऱ्या पेनानं ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा. किनारीपासून चार बोटं आत या, तिथली वीण घट्ट असते आणि माप फसवं येतं.

४. तुकडा घरी शर्ट धुतात तसाच धुवा.

५. सपाट पसरून पूर्ण वाळवा. दोरीवर टांगलात तर ओल्या कापडाच्या वजनानं तो ताणला जातो आणि आटलेलं लपतं.

६. चौकोन उभा-आडवा मोजा. आपल्या उदाहरणात उभा ४७ भरला, म्हणजे ५० मागे ३ गेले: ६ टक्के. आडवा ४९.५, म्हणजे १ टक्का. तो मार्करमध्ये सांभाळून घेता येतो.

७. टक्के शर्टावर उतरवा. २८ इंच उंचीचा शर्ट पहिल्या धुण्यात सुमारे पावणेदोन इंच आखूड होणार. पत्रात हेच लिहायचं. दुकानदाराला टक्क्यांचं काही वाटत नाही, पण आखूड शर्ट घेऊन दुकानात आलेले पालक त्याला लगेच दिसतात.

८. कापडाची तूट काढा. शर्टाला दीड मीटर धरून ९०० मीटर आणलं होतं. धुतल्यावर ८४६ उरेल, ५४ मीटर कमी. जादा मागवताना मात्र ५८ मीटर सांगा, कारण तेही आटणारच.

९. आता तारीख बांधा. धुणं, वाळवणं, इस्त्री १५ मेपर्यंत. कटिंग १६ ते १७. १८ पासून रोज ४० शर्ट, रविवार सुट्टी, म्हणजे शिलाई ३ जूनला संपते. काज-बटण, प्रेस, पॅकिंगला दोन दिवस धरा आणि वर राखीव दिवस ठेवा. पहिले ३०० शर्ट ३० मेला, उरलेले ८ जूनला. वळवाचा पाऊस आला की वाळवणं अडतं, म्हणून राखीव दिवस खाऊ नका.

१०. पत्राचा मथळा लिहा: तारीख, ऑर्डर क्रमांक, आणि "विषय: ६०० शर्टांच्या ऑर्डरची सुधारित तारीख". खाली "स. न. वि. वि."

११. पहिल्याच वाक्यात तारीख द्या: "आपले ३०० शर्ट ३० मेला, म्हणजे ठरल्या तारखेआधीच मिळतील आणि उरलेले ३०० शर्ट ३ ऐवजी ८ जूनला मिळतील." आधी कारणांचा पाढा लावलात तर दुकानदार पुढचं वाचतच नाही.

१२. मग कारण, तीन वाक्यांत: "कटिंगपूर्वी धुऊन पाहिलं असता कापड उंचीला ६ टक्के आटलं. तसंच शिवलं असतं तर २८ इंची शर्ट पावणेदोन इंच आखूड झाला असता. म्हणून सगळं कापड आधी धुऊन घेत आहोत." कापडवाल्याच्या नावानं बोटं मोडू नका. तो हिशेब तुमचा आणि त्याचा.

१३. "मग मोठाच कापा ना!" हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर आधीच घाला: "मोठा कापला तरी कॉलरचं फ्युजिंग कापडाइतकं आटत नाही, त्यामुळे धुतल्यावर कॉलरला बुडबुडे येतात; शिवाय नवा शर्ट मुलाला ढगळ दिसतो."

१४. पहिल्या खेपेत कोणत्या साइझ हव्यात ते विचारा आणि उत्तराची मुदत द्या: "कृपया १५ मेपर्यंत कळवावे." कटिंग सुरू झालं की फरक करणं अवघड.

१५. दराचं एक वाक्य लिहा: "धुण्याचा व जादा कापडाचा खर्च आमच्याकडे, दर ठरल्याप्रमाणेच." कापड तुम्ही आणलं असेल तरच हे लिहा, दुकानदारानं दिलं असेल तर खर्चाचं आधी फोनवर ठरवा.

१६. धुतलेला आणि कोरा तुकडा पत्राला टाचणीनं लावा. हातात धरल्यावर वाद राहत नाही.

१७. मोठ्यानं वाचून तारखा ताडून पाहा, "आपला विश्वासू" खाली सही-शिक्का करा.

१८. फोटो व्हॉट्सॲपवर आजच पाठवा आणि मूळ पत्र तुकड्यांसह माणसाहाती. निळ्या खुणा म्हणजे होकार नव्हे, "८ जून मान्य" असं दुकानदाराकडून लिहून घ्या आणि मगच कात्री लावा.