खोलीचा आवाज: मुलाखत जोडताना कान का अडखळतो?



घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या वयस्कर माणसाच्या आठवणी कॅमेऱ्यावर टिपून ठेवणे हा शाळेच्या प्रकल्पाचा चांगला विषय आहे. अर्धा-पाऊण तास बोलणे टिपले जाते आणि शेवटी त्यातली सात-आठ मिनिटे ठेवायची असतात. म्हणजे कापणे आणि जोडणे आलेच. हे काम पहिल्यांदा करणाऱ्याला एक कोडे पडते. प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येतो, वाक्ये अर्थाने नीट जुळतात, तरीही जोडाच्या जागी ऐकणाऱ्याला काहीतरी खटकते. तिथे बोलणे तुटलेले नसते. तुटलेला असतो तो बोलण्यामागचा आवाज. या पाठात आपण त्याचाच विचार करू.

शांत खोली मुकी नसते

दारे-खिडक्या लावून, कोणीही न बोलता बसलो तरी खोलीत आवाज असतोच. पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण, ट्यूबलाइटची बारीक भुणभुण, रस्त्यावरची दूरची वर्दळ, भिंतींवरून परत येणारा या सगळ्यांचा पडसाद, असे सारे मिळून त्या खोलीचा एक स्वतःचा आवाज तयार होतो. ध्वनिमुद्रण करणारे लोक त्याला 'रूम टोन' म्हणतात. दोन खोल्यांचा रूम टोन सारखा नसतो. इतकेच काय, एकाच खोलीत दिवा बंद केला किंवा चार माणसे बाहेर गेली तरी तो बदलतो.

आपला कान सतत चालणाऱ्या आवाजाकडे लक्ष देत नाही, पण आवाज बदलला की लगेच सावध होतो. पंखा चालू असताना तो ऐकू येत नाही आणि बंद झाला की कळतो, हा अनुभव सर्वांचा आहे. संकलनात हेच घडते. आजींचा खोकला कापून तिथे नुसती रिकामी जागा ठेवली, तर त्या जागी पंख्याचा आवाजही नाहीसा होतो. संगणकावरची रिकामी जागा म्हणजे पूर्ण शून्य, आणि असे शून्य कोणत्याही खऱ्या खोलीत नसते. म्हणून ते शांत वाटण्याऐवजी भोक पडल्यासारखे वाटते.

टिपायचे कसे?

उपाय सोपा आहे. मुलाखत संपली की सर्वांनी जागच्या जागी थांबावे आणि खोलीचा आवाज एक मिनिट टिपावा. मात्र त्यात काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतात.

माइक तोच हवा आणि जिथे होता तिथेच हवा. साडीला किंवा सदऱ्याला लावलेला कॉलर माइक असेल तर तो काढू नये. बोलणाऱ्या व्यक्तीने तो लावूनच शांत बसावे. आवाजाची पातळी ठरवणारे बटणही हलवू नये. त्याचे कारण समजून घ्या. पातळी तीच ठेवली तर टिपलेला टोन बोलण्यामागच्या आवाजाशी आपोआप जुळतो आणि नंतर अंदाजाने कमी-जास्त करावे लागत नाही.

बऱ्याच कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये आवाजाची पातळी आपोआप ठरवण्याची सोय असते. या कामी ती घात करते. बोलणे थांबले की यंत्राला वाटते आवाज कमी पडला, आणि ते पंख्याची घरघर फुगवून वर आणते. मग टिपलेला टोन कुठेच बसत नाही. म्हणून मुलाखत सुरू करण्यापूर्वीच ही सोय बंद करून पातळी हाताने ठरवावी.

मिनिट सुरू करताना मोठ्याने सांगावे, "खोलीचा आवाज, पंखा तीनवर, खिडकी बंद." नंतर ऐकताना तीच खूण उपयोगी पडते. सांगून झाल्यावर घड्याळात पाहून साठ सेकंद थांबावे. कोणी खुर्ची सरकवली किंवा बांगड्या वाजल्या, तर तेवढे सेकंद पुढे वाढवावेत. मिनिटभर कशासाठी, असे कोणी विचारील. त्यात एखादे भांडे पडते, एखादा कावळा ओरडतो, आणि ते वगळून स्वच्छ वीस-पंचवीस सेकंद हाती लागतात. फक्त तीन-चार सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडला, तर पंख्याची तीच लकब परत परत येते आणि कान ती ओळखतो.

मुलाखतीच्या मध्येच खोलीत काही बदलले तर दुसरा टोन वेगळा घ्यावा. वीज गेली आणि पंखा इन्व्हर्टरवर फिरू लागला की त्याची घरघर पुष्कळदा बदलते. तो स्वतंत्र रूम टोन समजावा.

रूम टोन घेऊन झाला की त्याच जागेचा परिसराचा आवाजही टिपावा. माइक खिडकीत किंवा ओट्यावर ठेवून दोन-तीन मिनिटे रस्ता टिपायचा: जाणारी रिक्षा, भाजीवाल्याची हाळी, देवळातली घंटा. याचा उपयोग वेगळा आहे आणि तो आता उदाहरणात दिसेल.

एक उदाहरण

समजा, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात आजींची मुलाखत आहे. सुरुवातीला पंखा चालू होता. मध्ये त्याचा वारा माइकवर येऊ लागला म्हणून तो बंद केला. उकाडा वाढल्यावर पुन्हा लावला, पण या वेळी आजींना वाऱ्याच्या आड बसवले. मुलांनी दोन टोन घेतले, एक पंख्याचा आणि एक बिनपंख्याचा. आता आजींच्या शाळेच्या आठवणीसाठी तीन तुकडे जोडायचे आहेत. पहिला १४ सेकंदांचा, पंखा चालू. दुसरा ११ सेकंदांचा, पंखा बंद. तिसरा ९ सेकंदांचा, पंखा पुन्हा चालू.

नुसते जोडून ऐकले की घरघर चौदाव्या सेकंदाला एकदम नाहीशी होते आणि पंचविसाव्याला एकदम परत येते. इथे पहिला विचार असा येतो की पंख्याचा आवाज काढून टाकावा. पण बोलण्यात मिसळलेली घरघर काढू गेले तर बोलण्याचाही थोडा भाग जातो आणि आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. म्हणून नियम लक्षात ठेवा: गोंगाटाचा तुकडा शांत करण्यापेक्षा शांत तुकड्यात थोडा गोंगाट घालणे सोपे आणि सुरक्षित असते.

म्हणून दुसऱ्या तुकड्याखाली, वेगळ्या ट्रॅकवर, पंख्याचा टोन ११ सेकंद पसरायचा. मीटरवर पंख्याचा आवाज उणे ४५ डेसिबल आणि बिनपंख्याचा उणे ५८ डेसिबल असेल, तर दोन्ही मिसळून होणारी वाढ जेमतेम पाव डेसिबल असते. ती कोणाला कळणार नाही. पण हाच टोन पहिल्या किंवा तिसऱ्या तुकड्याखालीही पसरला, तर तिथे पंखा दुप्पट होईल. पातळी ३ डेसिबलने चढेल आणि मूळ दोष राहील तो राहीलच. टोन जिथे कमी आहे तिथेच घालायचा.

आता जोड. पहिल्या तुकड्याची मागची घरघर हळू उतरवायची आणि त्याच वेळी टोन हळू चढवायचा. सेकंदाला २५ चौकटी असतील तर १० चौकटी, म्हणजे ०.४ सेकंद, पुरेत. यासाठी शेवटच्या शब्दानंतर अर्धा सेकंद मूळ ध्वनी शिल्लक ठेवावा लागतो. शब्दाला लागून कापले तर त्याचा भिंतीवरून येणारा पडसादही कापला जातो, आणि ती उणीव रूम टोन भरून काढू शकत नाही. चढ-उतार सरळ रेषेत केला तर मधोमध आवाज सुमारे ३ डेसिबलने खाली बसतो, कारण दोन्ही घरघरी एकमेकींशी तंतोतंत जुळलेल्या नसतात. संकलनाच्या प्रणालीत 'इक्वल पॉवर' नावाचा वक्र असतो. तो निवडला की हा खड्डा पडत नाही.

दुसऱ्या तुकड्यात आजी एकदा खोकल्या आहेत. तो ०.७ सेकंदाचा भाग काढून शब्द जवळ ओढू नयेत. त्यांच्या बोलण्यातला थांबा तसाच ठेवावा आणि त्या जागी बिनपंख्याचा टोन भरावा. वर पसरलेला पंख्याचा टोन तिथेही चालूच असतो, त्यामुळे भोक पडत नाही. आजी विचार करून बोलतात हे त्या थांब्यातूनच कळते.

राहिली एक अडचण. तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी रिक्षा जवळ येत असताना कट केला आहे. ती अर्ध्या वाटेत नाहीशी होते. एकसारखा रूम टोन इथे कामाचा नाही, कारण रिक्षाचा आवाज बदलता असतो. इथे खिडकीतून टिपलेला आवाज वापरावा. त्यातली दूर जाणारी रिक्षा शोधून तिचा आवाज कटावरून पलीकडे न्यावा आणि पुढच्या दृश्याखाली विरू द्यावा. म्हणजे रिक्षा आली तशी निघून गेली, असे वाटते.

टोन घ्यायचा राहिला तर?

मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून प्रश्न आणि उत्तर यांच्यामधले थांबे शोधावेत. ज्यात श्वास किंवा कपड्याची सळसळ नाही असे अर्ध्या-एक सेकंदाचे आठ-दहा तुकडे जोडले की पाच-सहा सेकंदांचा टोन तयार होतो. तो एकदा सरळ, एकदा उलटा असा आलटून-पालटून लावला तर पुनरावृत्ती कमी जाणवते. हे काम तासभराचे आहे, आणि ते सारे एका मिनिटाच्या शांत बसण्याने वाचले असते.

एक मर्यादाही समजून घ्या. माइक तोंडापासून दूर सरकला असेल तर आवाजाचाच पोत बदलतो. रूम टोन फक्त मागचा आवाज सांधतो, बोलणे सांधत नाही.

एक जबाबदारीही आहे. मागचा आवाज अखंड राहिला की जोड ऐकू येत नाही. मग मधले 'पण' किंवा 'नाही' गळाले तरी ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणून जोडलेला भाग ज्यांचे बोलणे आहे त्यांना आधी ऐकवावा आणि अर्थ तोच राहिला ना, हे विचारून घ्यावे.

स्वाध्याय

१. घरातल्या एकाच खोलीत पंखा चालू आणि बंद ठेवून एकेक मिनिटाचा टोन टिपा. हेडफोन लावून ऐका आणि त्यात कोणकोणते आवाज आहेत ते लिहा.

२. मोठ्या माणसांपैकी कोणाचेही दोन मिनिटांचे बोलणे टिपा. त्यातले एक वाक्य काढून जागा आधी रिकामी ठेवा, मग टोनने भरा. डोळे मिटून बसलेल्या मित्राला दोन्ही ऐकवा आणि जोड कुठे आहे ते ओळखायला सांगा. मित्राला जागा सांगता आली, तर पातळी पुन्हा तपासा आणि चढ-उतार थोडा लांबवा.