नकाशावरील अंतर आणि भूमीवरील अंतर : रायपूर-राजिम या मोजणीच्या आधारे एक पाठ

शिलालेखातील अथवा जुन्या ग्रंथातील ग्रामनामांची स्थाननिश्चिती करताना वाङ्मयाच्या अभ्यासकाला नकाशा उघडावाच लागतो. राजिम येथील राजीवलोचन मंदिरात जगपालाचा शिलालेख आहे. तो कलचुरि संवत् ८९६ चा, म्हणजे इ. स. ११४५ चा आहे. कलचुरींचे असे लेख संपादताना वा. वि. मिराशी यांनी लेखागणिक स्थळांचा शोध घेतला आणि १९५५ साली ते एकत्र प्रसिद्ध केले. त्या वाटेने जाणाऱ्या आजच्या अभ्यासकाजवळ बहुधा मूळ नकाशा नसतो, त्याची प्रत असते. प्रतीवर मोजलेले अंतर पुष्कळदा चुकते, आणि चूक कोठे झाली हे लक्षात येत नाही. ती कशी होते व कशी ओळखावी, एवढाच प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

नकाशाच्या तळाशी प्रमाण दोन रीतींनी दिलेले असते. पहिले अंकप्रमाण, ज्याला प्रातिनिधिक अपूर्णांक असेही म्हणतात. १:२,५०,००० याचा अर्थ असा की, नकाशावरचे १ सेंटिमीटर म्हणजे भूमीवरचे २,५०,००० सेंटिमीटर, अर्थात २.५ किलोमीटर. हे गुणोत्तर असल्यामुळे त्याला एकक नाही. सेंटिमीटर घ्या, इंच घ्या, दोन्ही बाजूंना एकच एकक असले की झाले. दुसरे रेषाप्रमाण, म्हणजे किलोमीटरांच्या खुणा केलेली पट्टी. ती वाचायला गणित लागत नाही. नकाशावरील अंतर कर्कटकात धरावे आणि पट्टीवर ठेवावे. मूळ छापील पत्रकावर दोन्ही रीती एकच उत्तर देतात, म्हणून एक पुरेशी असता दुसरी का छापतात, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. उत्तर पुढील उदाहरणात मिळेल.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पत्रकयोजनेत रायपूर ६४ जी या पत्रकात येते. प्रत्येक पत्रक एक अंश अक्षांश व एक अंश रेखांश व्यापते. राजिम २१ अंशांच्या अक्षवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्यामुळे ते ६४ एच या खालच्या पत्रकात जाते. तेव्हा प्रथम एका पत्रकाचा समास दुमडून दोन्ही पत्रके २१ अंशांच्या रेषेवर जुळवून घ्यावीत. रेखावृत्ते एका सरळ रेषेत आली की जोड बरोबर समजावा. नंतर रायपूर शहराच्या मध्यापासून राजिमच्या संगमापर्यंत पट्टी ठेवावी. अंतर सुमारे १६ सेंटिमीटर येते. १६ ला २.५ ने गुणले की ४० किलोमीटर. १० किलोमीटरची पट्टी ४ सेंटिमीटर लांब असते. १६ सेंटिमीटरांत ती चार वेळा बसते, म्हणजे पुन्हा ४० च.

दिशेसाठी रायपूरवरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा काढून तिच्यावर कोनमापक ठेवावा. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजल्यास राजिम सुमारे १३९ अंशांवर, म्हणजे आग्नेयेस येते. कोन मोजताना नकाशावरील रेखावृत्तच आधारास घ्यावे. कागदाची कड घेऊ नये. पत्रक वा प्रत थोडी तिरकी कापलेली असली की कडेवरून घेतलेली दिशा तेवढीच तिरकी होते.

आता प्रतीकडे वळू. माझ्या हाती आलेल्या एका टंकलिखित टिपणात रायपूर-राजिम हे अंतर २८.५ किलोमीटर असे दिले होते. रस्त्याने हे अंतर ४५ किलोमीटरांच्या आसपास भरते, आणि रस्ता सरळ रेषेपेक्षा लांब असतोच. तरीही २८.५ ची संगती लागेना. शेवटी उलगडा झाला : लेखकाने ए-३ आकाराच्या भागाची ए-४ कागदावर, म्हणजे शेकडा ७१ इतकी लहान प्रत काढली होती. १६ सेंटिमीटरांचे ११.४ झाले होते, आणि तळाशी मात्र १:२,५०,००० हेच अंक तसेच होते. ११.४ गुणिले २.५ बरोबर २८.५. अंक कागदाबरोबर लहान होत नाहीत, पट्टी होते. त्या प्रतीवर १० किलोमीटरची पट्टी २.८४ सेंटिमीटर भरते. ११.४ ला २.८४ ने भागून १० ने गुणले की ४० किलोमीटर मिळतात. प्रतीचे खरे अंकप्रमाण १:३,५२,००० च्या जवळपास होते. राजिमसारख्या परिचित गावाच्या बाबतीत ही चूक हसण्यावारी नेता येते, पण ज्याचा शोधच चालू आहे अशा गावाच्या बाबतीत अभ्यासक योग्य स्थळ अंतर जुळत नाही म्हणून सोडून देईल.

पट्टी कापली गेली असेल तर? तेव्हा अक्षवृत्ते कामास येतात. या प्रदेशात अक्षांशाच्या १५ कलांचे अंतर भूमीवर सुमारे २७.७ किलोमीटर आहे. १:२,५०,००० च्या मूळ पत्रकावर ते ११.१ सेंटिमीटर दिसले पाहिजे. ७.९ दिसले तर प्रत लहान केलेली आहे, हे निश्चित.

जुन्या पत्रकांबाबत आणखी एक सावधगिरी हवी. एका मैलात ६३,३६० इंच असतात, म्हणून मैलास एक इंच या नकाशाचे अंकप्रमाण १:६३,३६० होय. त्याला मेट्रिक १:५०,००० समजून १० सेंटिमीटर मोजले तर ६.३ किलोमीटरांऐवजी ५ येतात. चार मैलांस एक इंच, म्हणजे १:२,५३,४४०, आणि १:२,५०,००० यांत मात्र शेकडा दीडाहून कमी फरक आहे. स्थाननिश्चितीत तो सहसा उपद्रव देत नाही.

समप्रमाणात लहान केलेल्या प्रतीवर कोन बदलत नाहीत, म्हणून दिशा निर्धास्तपणे मोजावी. पडद्यावरून किंवा ग्रंथातील आकृतीवरून घेतलेली प्रत एकाच बाजूने दाबलेली असेल तर मात्र दिशाही बिघडते आणि आडवी पट्टी उभ्या अंतराला लागू पडत नाही. याची परीक्षा अशी : रायपूरच्या अक्षांशावर रेखांशाच्या १५ कला सुमारे २६ किलोमीटर भरतात. म्हणजे मूळ पत्रकावर १५ कलांचा चौकोन ११.१ उंच आणि १०.४ रुंद असतो. उंची रुंदीहून थोडी अधिक, हे त्याचे लक्षण.

अभ्यासासाठी एक उदाहरण. एका प्रतीवर हा चौकोन १०.० सेंटिमीटर उंच व १०.४ रुंद आहे. राजिम रायपूरच्या १०.७ सेंटिमीटर दक्षिणेस आणि १०.४ पूर्वेस दिसते. सरळ कोनमापक लावला तर दिशा १३६ अंश येते, जी चूक आहे. त्याऐवजी दोन्ही अंतरे स्वतंत्रपणे कलांत रूपांतरित करावीत : दक्षिणेस १०.७ भागिले १०.० गुणिले १५, म्हणजे १६ कला, अर्थात २९.५ किलोमीटर, आणि पूर्वेस १५ कला, अर्थात २६ किलोमीटर. दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ३९.३ किलोमीटर आहे. कोरड्या कागदावर याच दोन बाजू योग्य प्रमाणात काढून कोन मोजला की दिशा पुन्हा १३९ अंशांच्या जवळ येते. ४० व ३९.३ यांतील फरक शहराचा मध्य कोठे धरला यावर आणि कला पूर्णांकात घेतल्यावर अवलंबून आहे. शिवाय १:२,५०,००० वर अर्धा मिलिमीटर म्हणजेच सव्वाशे मीटर, तेव्हा अशा मोजणीचे उत्तर दशांशात लिहिण्याचा मोह टाळून ‘सुमारे ४० किलोमीटर’ असे लिहावे, आणि ते मूळ पत्रकावर मोजले की प्रतीवर, हेही टिपेत नोंदवावे.