सेन्सेक्स भागिले सोनं: बाजाराची भीती एका आकड्यात कशी वाचायची?

दुकानातून चार पैसे शिल्लक राहिले की आपल्या सोलापुरात प्रश्न ठरलेला असतो: सोनं घ्यायचं की म्युच्युअल फंडात टाकायचे? लोकांचा कल सध्या कुठे आहे, हे बघायला एक सोपा भागाकार आहे. सेन्सेक्सच्या आकड्याला 10 ग्रॅम सोन्याच्या भावाने भागायचं. आकडा वाढतोय म्हणजे लोक जोखीम घ्यायला तयार आहेत. घसरतोय म्हणजे पैसा सुरक्षित जागा शोधतोय.

उदाहरण घेऊ. 8 जानेवारी 2008 ला सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला. सोनं 11 हजारांच्या आसपास होतं. भागाकार आला साधारण 1.9. मग जागतिक मंदी आली. 9 मार्च 2009 ला सेन्सेक्स 8,160 वर आला आणि सोनं 15 हजारांच्या घरात गेलं. भागाकार 0.54. शेअर पडले आणि सोनं चढलं, दोन्हीकडून एकच गोष्ट दिसत होती. ही खरी भीती.

पण इथेच लोक फसतात. 0.54 बघून सगळा पैसा सोन्यात हलवला असता तर? 2009 संपताना सेन्सेक्स 17,464 वर होता, म्हणजे दुपटीहून जास्त. आकडा खूप खाली असतो तेव्हा भीती बरीचशी भावात आलेली असते. तळ कधी येणार, हे मात्र तो सांगत नाही.

आता दुसरी बाजू बघा. सप्टेंबर 2024 अखेर हा आकडा साधारण 1.1 होता, वर्षभराने 0.7 च्या आसपास आला. घसरण मोठी आहे, पण सेन्सेक्स या काळात जेमतेम पाच टक्के उतरला. सोनं मात्र 75 हजारांवरून सव्वा लाखाच्या दिशेने गेलं, कारण जगभरच्या मध्यवर्ती बँका सोनं घेत होत्या आणि रुपयाही घसरला होता. म्हणजे ही 2009 सारखी घबराट नव्हती.

कधी कधी सरकारी निर्णयानेही आकडा हलतो. जुलै 2024 च्या बजेटमध्ये सोन्यावरचं आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं आणि भाव लगेच उतरला. भागाकार वाढला, पण लोकांचं धाडस काही वाढलेलं नव्हतं.

म्हणून दर महिन्याच्या शेवटी वहीत तीन रकाने भरा: सेन्सेक्स, सोनं, भागाकार. सोन्याचा भाव दरवेळी एकाच ठिकाणचा घ्या, कधी जीएसटीसह तर कधी जीएसटीशिवाय असं करू नका. आकडा हलला की आधी विचारा, वरचा हलला की खालचा? आणि हे गणित फक्त शिल्लक पैशासाठी. माल भरायचा पैसा यात आणायचा नाही.