टायरगाडीचा कणा

चि. महेश यास,


उसाचा हंगाम लागायच्या आत गाडीची लाकडी चाकं काढून टायर बसवायचं मनात आहे आणि जुने टायर स्वस्तात मिळतायत, असं तू लिहिलंस. टायर सगळ्यात शेवटी घे. आधी कणा, म्हणजे तुमच्या भाषेत एक्सल, ठरव. गाडी बसते ती बहुतेक वेळा कण्यामुळे, आणि दोष लोक टायरला देतात.

तू दोन टन ऊस भरणार. गाडीचं स्वतःचं वजन चारशे किलो धर. म्हणजे एका चाकावर बाराशे किलो आले. हे ओझं साट्याखालच्या बैठकीतून कण्यावर उतरतं आणि चाक त्याला बाहेरच्या टोकाला उचलून धरतं. बैठक आणि चाकाचा मध्य यांत जेवढं अंतर, तेवढा कणा वाकवणारा जोर. हे अंतर वीस सेंटिमीटर असलं तर ५० मिलिमीटरच्या चौकोनी बारवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण साडेअकराशे किलोचा ताण येतो. साधं पोलाद अडीच हजाराच्या आसपास कायमचं वाकतं. खड्ड्यात आदळलं की ताण दुप्पट होतो असं धरलं, तरी गाडी निभावते, पण काठावर. तेच अंतर तीस सेंटिमीटर केलंस तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात कणा वाकला म्हणून समज. चाळीसचा बार तर घेऊच नकोस, त्याची ताकद पन्नासच्या निम्मीच भरते. उलट साठचा घेतलास तर ताकद पावणेदोन पट होते आणि गाडीचं वजन थोडंच वाढतं. मी साठचाच घेईन, आणि बैठका चाकांच्या जितक्या जवळ नेता येतील तितक्या नेईन.

लेथवर टोकं गोल करून घेताना चौकोन जिथे संपतो तिथे काटकोनी खाच ठेवू देऊ नकोस, गोलाई सोडायला सांग. तडा नेमका त्या खाचेतून सुटतो. आणि दोन तुकडे मधोमध वेल्डिंग करून जोडलेला कणा कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

बेअरिंग टेपर रोलरची घे. नट आवळताना चाक हाताने फिरवत राहा. जड लागायला लागलं की किंचित मागे सोड आणि पिन घाल. चाक सहज फिरलं पाहिजे, पण वर-खाली धरून हलवलं तर खडखडू नये. पहिल्या खेपेनंतर हबला हात लाव. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळलाय किंवा ग्रीस कमी आहे.

रिमचं थोडक्यात सांगतो. टायरवर ७.००-१९ असं लिहिलेलं असतं. त्यात सात इंच ही टायरची रुंदी आणि एकोणीस इंच हा रिमचा व्यास. रिम त्याच मापाची हवी, ठोकून बसवायची नाही. मोठ्या व्यासाचं चाक चाकोरीतून आणि दगडावरून हलकं जातं, म्हणून जीपच्या सोळा इंचीपेक्षा मला एकोणीस इंची बरं वाटतं. रिमची डिश चाकाला बाहेर ढकलत नाही ना, ते पाहा. नाहीतर वर सांगितलेले वीस सेंटिमीटर तुझ्या नकळत पंचवीस होतात. दोन भागांची रिम असेल तर पूर्ण हवा काढल्याशिवाय तिचा एकही नट सोडू नकोस.

आता हवा. टायरच्या बाजूवर किती वजनाला किती पौंड ते छापलेलं असतं, तेच माप धर. बाराशे किलोला ५० पौंड हवा असेल, तर रबर जमिनीला साधारण साडेतीनशे चौरस सेंटिमीटर टेकतं. डांबरावर हे चांगलं, पण काळ्या ओल्या रानात तेवढी जागा पुरत नाही आणि चाक रुततं. म्हणून लोक हवा कमी करून पूर्ण भरलेली गाडी बाहेर काढतात, आणि मग टायरच्या बाजू चिरतात. तसं करू नकोस. रानातून निम्माच ऊस काढ, त्याला हवा कमी चालते. बांधावर आल्यावर बाकीचा भर आणि पंपाने हवा पूर्ण कर. बैलांचाही हिशेब हेच सांगतो. आठशे किलोची जोडी दिवसभर ऐंशी किलोच्या आसपास ओढ देते. भरल्या गाडीला डांबरावर साठेक किलो ओढ पुरते, मऊ रानात तीच दोनशेच्या वर जाते.

महिन्याभराने टायरची झीज पाहा. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. दोन्ही टायर फक्त आतल्या बाजूने झिजत असतील तर हवेला हात लावू नकोस, कणा वाकलाय.

ऊस रचताना गाडी धुरजड किंवा उलाळ होऊ देऊ नकोस, कणा ओझ्याच्या मध्याच्या जरासा मागे ठेव. ब्रेक मात्र लावच. लाकडी चाकाची गाडी उतारावर आपोआप अडखळते, टायरची पळते आणि सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं.

साट्याची रुंदी आणि दोन बैठकांमधलं अंतर मोजून कळव, म्हणजे बार केवढा कापायचा ते सांगतो.

तुझा,
मामा